एक लांब, दोन आखूड

कॉम्प्युटर बिघडला की लोक मला फोन करतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, तो वाजतोय."

मी विचारतो, "किती वेळा?"

"सकाळपासून."

मग मी प्रश्न जरा सोपा करतो. "एकूण किती बीप? लांब किती, आखूड किती?" पलीकडे शांतता पसरते. मग फोनवर हात ठेवून घरात चर्चा होते. मुलगा म्हणतो तीन, आई म्हणते चार, आणि आजोबा म्हणतात की त्यांना ऐकूच आलं नाही, पण मुळात घरात हे यंत्र आणायलाच त्यांचा विरोध होता. आमच्या ओळखीतल्या एका काकांचा कान गाण्यात तयार आहे. त्यांनी मला तो आवाज पांढरी चार की काळी चार, हे बिनचूक सांगितलं, पण किती वेळा आला ते मोजलं नव्हतं. दुसऱ्या एका काकूंनी फोनवर स्वतःच तो आवाज काढून दाखवला. त्यात लांब बीप इतका भावपूर्ण होता की तो नेमका कुठे संपला ते मला कळलं नाही.

मोजणं महत्त्वाचं असतं, कारण तो आवाज म्हणजे रडणं नव्हे, निरोप असतो. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. तिला पोस्ट म्हणतात. बायोस नावाचा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये कायमचा बसलेला असतो आणि ही तपासणी तो करतो. तिच्यात एक क्रम असतो. आधी प्रोसेसर जागा झाला का ते पाहायचं, मग रॅम सापडते का, मग ग्राफिक्स कार्ड सापडतं का. कार्ड सापडलं की पडदा मिळाला, आणि पडदा मिळाला की बायोसला जे काही बोलायचं ते लिहून बोलता येतं. कीबोर्ड जोडलेला नसताना 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा' अशा अर्थाची सूचना एके काळी कित्येक पडद्यांवर यायची. कोणतं एफ वन आणि कशावर दाबायचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नसे. पण ती विनोदी का होईना, लेखी सूचना होती.

पडदा मिळण्याच्या आधीच काही बिनसलं, तर मात्र बायोसला लिहायला जागा नसते. उरतो तो एक स्पीकर. त्याला आवाज करायला रॅम लागत नाही, कार्ड लागत नाही. प्रोसेसर, ती बायोसची चिप आणि बोर्डावरचा एक टायमर, एवढ्यावर काम भागतं. म्हणून हे बीप मुख्यतः दोनच गोष्टींबद्दल असतात. एक रॅम, दुसरं ग्राफिक्स कार्ड. बाकीचे कोड छापलेले असतात, पण रोजच्या व्यवहारात ऐकू येतात ते बहुतेक हे दोन. 1981 साली आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हाच ही पद्धत ठरली होती. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेच्या कार्डात गडबड. हे इतकं सुटसुटीत होतं की टिकणं शक्यच नव्हतं.

एसटीच्या कंडक्टरची घंटी घ्या. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. सावंतवाडीला जो अर्थ, तोच गोंदियाला. बदली होऊन आलेल्या ड्रायव्हरला डेपोत जाऊन तक्ता पाहावा लागत नाही. मदरबोर्डवाल्यांनी मात्र प्रत्येकाने आपापली घंटी केली, आणि मौज म्हणजे आवाज तेच ठेवले, अर्थ तेवढे बदलले.

अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे आयबीएमच्या वळणावर डिस्प्लेचा दोष, म्हणजेच ग्राफिक्स कार्ड. एएमआय कंपनीच्या जुन्या तक्त्यात एक लांब, तीन आखूड म्हणजे रॅमचा दोष. इथवर ठीक. आता आसूसच्या बोर्डांची पुस्तिका उघडा. या बोर्डांवर बायोस एएमआयचाच असतो. पण तिथे एक लांब, दोन आखूड म्हणजे रॅम सापडत नाही, आणि एक लांब, तीन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. म्हणजे बरोबर उलटं. तोच आवाज ऐकून एक जण रॅमची पट्टी आणायला निघेल आणि दुसरा ग्राफिक्स कार्ड आणायला, आणि दोघांच्या हातात छापील पुरावा असेल.

याहून गंमत न थांबणाऱ्या लांब लांब बीपांची. अवॉर्डच्या सर्वसाधारण तक्त्यात त्यांचा अर्थ रॅम नाही किंवा नीट बसलेली नाही. गिगाबाइटच्या ज्या बोर्डांवर हाच अवॉर्डचा बायोस असे, त्यांच्या पुस्तिकेत त्याच आवाजाचा अर्थ ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपवर लांब-आखूड भानगडच नाही, नुसते आकडे. दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम आहे पण लिहिणं-वाचणं होत नाही, सहा म्हणजे व्हिडिओ. डेलची ही पद्धत मला सभ्य वाटते. निदान आवाजाच्या लांबीवरून घरात भांडणं होत नाहीत.

हा घोळ फक्त पुस्तिकांपुरता असता तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण आमच्या सोसायटीत तो सर्वसाधारण सभेपर्यंत गेला.

सोसायटीच्या ऑफिसातला डेस्कटॉप आधी ओळखायला हवा. तो विकत घेतलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या मुलाने परदेशी जाताना आपलं गेम खेळायचं यंत्र सोसायटीला देणगी दिलं. त्यामुळे मेंटेनन्सची बिलं ज्या यंत्रावर निघतात, त्याचे पंखे निळे, जांभळे आणि लाल होतात. सिंकिंग फंडाचा हिशेब करताना ऑफिसात लग्नाच्या हॉलसारखा उजेड असतो. यंत्र भारी असलं तरी त्याच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे. म्हणजे इंटेलचा असा प्रोसेसर, ज्याच्यात पडद्यावर चित्र काढण्याची स्वतःची सोय नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर अंधार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके दिवशी ते सुरू होईना. पंखे फिरत होते, दिवे रंग बदलत होते, आणि पडदा काळा. स्पीकरमधून आवाज येत होता. खजिनदारांनी व्हिडिओ कॉलवर भाच्याला ऐकवला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, आणि या एका गोष्टीसाठी त्याला मानलं पाहिजे, त्याने मोजले. एक लांब, दोन आखूड, थोडी विश्रांती, पुन्हा एक लांब, दोन आखूड. मग त्याने तक्ता शोधला, नेमका अवॉर्डचा सापडला, आणि निदान सांगितलं, "मामा, ग्राफिक्स कार्ड उडालं." कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फोनवरच या निदानाला दुजोरा दिला. नव्या कार्डाचा त्याने सांगितलेला भाव इतका होता की खजिनदार म्हणाले, एवढ्या रकमेला सभेची मंजुरी लागेल. सेक्रेटरींनी नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला. तो टाइप करायला कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मला बोलावणं आलं.

मी हा धंदा म्हणून करत नाही. पण सोसायटीत तुम्ही एकदा कुणाच्या कॅबिनेटचा एक स्क्रू काढलात की पुढे जन्मभर तुम्ही 'ते कॉम्प्युटरवाले'. मी गेलो तेव्हा ऑफिसात सेक्रेटरी, खजिनदार, दोन काका आणि वॉचमन होते. सगळे त्या पेटीला 'सीपीयू' म्हणत होते. खरा सीपीयू म्हणजे आतला बिस्किटाएवढा प्रोसेसर, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. आपल्याकडे कॅबिनेटला सीपीयू म्हणतात, आणि जिथे सगळे चुकतात तिथे एकट्याने बरोबर असण्यात काही अर्थ नसतो.

बोर्डाचं नाव वाचलं. ते कोणतं, ते इथे सांगत नाही. बोर्डाचा दोष नव्हता, उगाच त्याची बदनामी नको. पुस्तिका अर्थातच देणगीत आली नव्हती. आता तक्ता कोणता धरायचा, हा प्रश्न होता. पण तक्त्याशिवायही काम होतं, आणि मला विचाराल तर तक्त्यापेक्षा चांगलं होतं. बोर्डाला रॅमच्या तक्रारीसाठी कोणता आवाज येतो, हे बोर्डालाच विचारायचं. कसं? रॅम काढून घ्यायची आणि यंत्र सुरू करायचं. रॅमच नाही म्हटल्यावर तो जे बोलेल, ते त्याच्या भाषेत 'रॅम नाही'. दुसरा काही अर्थ त्याला असूच शकत नाही.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा खजिनदार दचकले. "अहो, काढून चालू करायचं? आणखी काही जळेल ना!"

काही जळत नाही. रॅमशिवाय बोर्ड सुरू केला तर तो फक्त कुरकुर करतो आणि थांबतो. जळण्याची भीती आहे ती चालू यंत्रात हात घालण्याची. म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. त्यानंतर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीज उतरते. सेक्रेटरींनी नायलॉनचा शर्ट घातला होता. त्यांना मी बॅटरी धरायला सांगितली आणि दोन पावलं लांब उभं केलं.

पहिली अडचण लगेच आली. ग्राफिक्स कार्ड इतकं लांब होतं की रॅमच्या स्लॉटची खालची क्लिप त्याच्याखाली अडकली होती. ती उघडेना. कार्ड आधी काढावं लागलं. त्याला जोडलेली वीजपुरवठ्याची वायर सोडवायची, मागचा स्क्रू काढायचा, आणि स्लॉटच्या टोकाला असलेला छोटा खटका दाबून कार्ड सरळ वर उचलायचं. तो खटका न दाबता ओढाताण करणारे लोक स्लॉट मोडतात आणि मग खरंच नवा बोर्ड आणतात. कार्ड बाहेर आलं तसे खजिनदार त्याच्याकडे शोकसभेतल्या नजरेने बघत राहिले.

रॅम अजून जागेवर होती, म्हणून म्हटलं, तसंच एकदा सुरू करून पाहू. कार्ड बाहेर, रॅम आत. बटण दाबलं. एक लांब, दोन आखूड.

"बघा," खजिनदार म्हणाले, "कार्डचंच आहे. भाच्याने सांगितलंच होतं."

इथेच लोक फसतात. कार्ड काढूनही तोच आवाज आला, याचे दोन अर्थ निघतात. तो आवाज कार्डाबद्दल असेल, तर बोर्डाला आधीही कार्ड दिसत नव्हतं आणि आता तर ते नाहीच. तो रॅमबद्दल असेल, तर बोर्ड आधीच्याच पायरीवर अडकला आहे, कार्डाची चौकशी करायला तो पोचलेलाच नाही, मग ते आत असो की टेबलावर. या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. उलट रॅम काढली तर सगळं स्पष्ट होतं, कारण ती क्रमात आधी येते.

मग दोन्ही पट्ट्या काढल्या. डीडीआर फोर, प्रत्येकी आठ जीबी. कॅबिनेट आता आतून रिकाम्या देव्हाऱ्यासारखं दिसत होतं. बटण दाबलं. सगळे कान देऊन उभे. एक लांब, दोन आखूड.

तेव्हा प्रकरण मिटलं होतं. या बोर्डाच्या तोंडून 'रॅम नाही' हे शब्द निघाले होते, आणि ते सकाळपासून तो जे म्हणत होता तेच होते. भाच्याचा तक्ता दुसऱ्या घराण्याचा होता. एक गोष्ट मी मनातल्या मनात टिपून ठेवली. रॅम काढल्यावर बोर्ड बोलला, म्हणजे प्रोसेसर, बायोस आणि स्पीकर, निदान बोलण्यापुरते तरी, शाबूत आहेत. तो इथे गप्प राहिला असता तर मी रॅम आणि कार्ड दोन्ही बाजूला ठेवून वीजपुरवठा, प्रोसेसर आणि बोर्ड यांच्याकडे वळलो असतो. आवाज बदलला असता, समजा आधी तीन आखूड होते आणि रॅम काढल्यावर दोन झाले असते, तर त्याचा अर्थ असा की आधी बोर्डाला रॅम मिळत होती आणि तो पुढे कुठेतरी अडत होता, म्हणजे बहुधा कार्डापाशी.

आता कोणती पट्टी, आणि पट्टी की स्लॉट? पट्ट्यांना मी पेन्सिलने एक आणि दोन असे नंबर घातले. हे न करणारा माणूस तिसऱ्या प्रयोगानंतर कुठली पट्टी कुठली ते विसरतो, आणि मग नुसतीच घालाघाली होते. एका पट्टीने सुरुवात करायची तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट घ्यायचा. त्यात पट्टी क्रमांक एक बसवली. रॅम बसवताना जोर लागतो, आणि घाबरत घाबरत दाबणाऱ्याची पट्टी एका टोकाला अर्धी राहते. खट असा आवाज आला आणि क्लिप आपोआप आत वळली, तरच ती बसली. कार्ड अजून टेबलावरच. बटण दाबलं.

एक लांब, तीन आखूड.

ऑफिसात हळहळ पसरली. "अरे, आता तर एक वाढला!" एक काका म्हणाले. दुसऱ्या काकांनी, जे आतापर्यंत गप्प होते, तक्रारवहीत नोंद करायची सूचना केली. खजिनदारांना तर दोन दोष झाले असंच वाटलं. मी मात्र खूश होऊन खुर्चीवर बसलो. माझा आनंद कुणाला कळेना.

झालं होतं ते असं. पट्टी क्रमांक एक बोर्डाला पसंत पडली होती. रॅमची पायरी ओलांडून तो पुढे गेला आणि ग्राफिक्स कार्ड शोधू लागला. कार्ड टेबलावर होतं, आणि प्रोसेसर 'एफ'वाला, त्यामुळे चित्र काढायला दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून त्याने आपला दुसरा शब्द उच्चारला, 'कार्ड नाही'. सकाळपासून एकच तक्रार करणारं यंत्र आता पुढची तक्रार करत होतं, म्हणजे प्रकृती सुधारत होती. एकाच बैठकीत या बोर्डाचे दोन्ही शब्द मला मिळाले, तेही त्याच्याच तोंडून. सेक्रेटरींनी ते नोटिशीच्या मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेतले.

पट्टी क्रमांक दोन त्याच स्लॉटमध्ये घातली. पुन्हा एक लांब, दोन आखूड. स्लॉट तोच, पट्टी बदलली, आवाज बदलला, म्हणून संशय पट्टीवर. मग तिला शिक्षा करण्याआधी एक संधी दिली. आपल्या देशात रॅमवरचा पहिला उपचार म्हणजे खोडरबर. पट्टीच्या खालच्या काठावर सोनेरी संपर्कपट्ट्या असतात. त्यांच्यावर धूळ आणि बोटांचा चिकटपणा साठला की जोडणी नीट होत नाही, आणि निम्म्याहून अधिक वेळा काढून, पुसून, पुन्हा बसवलं की यंत्र चालतं. हे निम्म्याहून अधिक माझं मत आहे, कुणी मोजलेलं नाही. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड असेल तर तेच वापरावं. नसेल तर मऊ पांढरं खोडरबर हळूच फिरवावं आणि त्याचा चुरा स्लॉटात न पडता बाहेर झटकावा. शाईवाल्या निळ्या खरखरीत टोकाने घासू नका, ते सोन्याचा मुलामा खरवडतं. काही लोक फुंकर मारतात. फुंकरीबरोबर थुंकी जाते, एवढंच मी सांगतो.

पट्टी दोन पुसली, बसवली. एक लांब, दोन आखूड. चांगली पट्टी काढून शेजारच्या जोडीतल्या स्लॉटमध्ये घातली, म्हणजे प्रोसेसरपासून चौथ्या, आणि तिथे एक लांब, तीन आखूड आले. म्हणजे तो स्लॉटही ठीक. दोष पट्टी क्रमांक दोनमध्ये, हे नक्की झालं. कार्ड परत बसवलं, त्याची वायर जोडली, चांगली पट्टी पुन्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवली. एक आखूड बीप आला आणि पडद्यावर चित्र उमटलं. 'एक म्हणजे काय?' वॉचमनने विचारलं. एक म्हणजे सगळं ठीक. इतका वेळ सगळ्यांनी लांब-आखूड मोजलं होतं, पण तो एकटा आवाज कुणीच मोजला नव्हता.

काही बोर्ड अशी वाईट पट्टी गपचूप वगळून चांगल्या पट्टीवर सुरू होतात, आणि मग मालकाला फक्त यंत्र हळू झाल्याची तक्रार असते. आमचा बोर्ड तडजोड न करणारा निघाला. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे, कारण गप्प चालणाऱ्या यंत्रातला दोष शोधणं अधिक कष्टाचं असतं.

मला या बीपांचं अतिकौतुक करायचं नाही. ते फक्त 'सापडलंच नाही' किंवा 'चालतच नाही', एवढंच सांगतात. तपासणी पार करून नंतर तासाभराने निळा पडदा दाखवणारी रॅम बायोसच्या नजरेतून सुटते. तिला पकडायला मेमटेस्टसारखा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून सुरू करून काही तास चालवावा लागतो. ज्याच्यामुळे गेम खेळताना पडद्यावर चौकोनी तुकडे नि रेघा दिसतात, ते कार्ड बऱ्याचदा सुरुवातीच्या तपासणीत पास झालेलं असतं. आणि ज्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्सची सोय आहे, त्या यंत्रात कार्ड गेलं तरी बऱ्याचदा बीप येतच नाही. बोर्ड म्हणतो, ते नाही तर मी आहे, आणि बोर्डाच्या मागच्या पोर्टवर चित्र देतो. मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली असते, मालक काळा पडदा पाहून कपाळावर हात मारतो. तेव्हा बीप नाही, पंखे चालू, पडदा काळा, अशी अवस्था असेल तर आधी केबल कुठे लावली आहे ते पाहावं. उलट बाजूही खरी आहे. कार्ड धडधाकट असून केबल बोर्डाच्या पोर्टात असते, आणि तिथे प्रोसेसर 'एफ'वाला निघाला की अंधार आणि शांतता दोन्ही मिळतात.

नव्या डीडीआर फाइव्ह यंत्रांची आणखी एक खोड आहे. पहिल्यांदा सुरू करताना किंवा रॅम बदलल्यावर बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळात पडदा काळा, बीप नाही. हा बिघाड नव्हे. पाच-दहा मिनिटं थांबा. चहा करून या, पण बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, कारण प्रत्येक वेळी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता तुमच्या यंत्राकडे वळा. बऱ्याच नव्या कॅबिनेटमध्ये स्पीकर येतच नाही. लोक म्हणतात, माझा कॉम्प्युटर बीप करत नाही, म्हणजे चांगला आहे. तो चांगला नाही, मुका आहे. काही बोर्डांवर त्याऐवजी चार छोटे दिवे असतात, त्यांच्याशेजारी CPU, DRAM, VGA, BOOT असं लिहिलेलं असतं, आणि जो दिवा लागलेला राहतो तिथे तपासणी अडकली आहे असं समजायचं. DRAM म्हणजे रॅम, VGA म्हणजे कार्ड. इथे लांब-आखूड नाही, तक्ता नाही, घराणी नाहीत. ज्यांच्या बोर्डावर हे दिवे आहेत त्यांनी माझा लेख इथवर का वाचला, मला कळत नाही.

बाकीच्यांनी दुकानातून मदरबोर्डचा बजर मागा. छोट्या बटणाएवढा असतो, दोन वायरी आणि चार छिद्रांची टोपी, मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त. बोर्डाच्या कोपऱ्यावर, जिथे पॉवरच्या बटणाच्या वायरी येतात, त्याच्या आसपास SPEAKER असं छापलेल्या पिना शोधा आणि तो लावा. मग यंत्र ठणठणीत असतानाच, सुट्टीच्या दिवशी, एकदा रॅम काढून सुरू करा आणि आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रोसेसर 'एफ'वाला असेल तर रॅम परत घालून कार्ड काढा आणि तोही आवाज घ्या. दोन्ही कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या ऑफिसातल्या यंत्रात सेक्रेटरींनी तसा कागद चिकटवला आहे, खाली सोसायटीचा शिक्का मारून. वाईट पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. कार्डाचा ठराव सभेत मांडायची गरज उरली नाही, पण नोटिशीच्या मसुद्यात तो आधीच लिहून झाला होता, म्हणून तो वाचून दाखवून मागे घेतला गेला.